फ्रेशरचा रेझ्युमे: दोन कॉलम ठेवू का मोडू? डिझाइन बघून सांगा

रुचा_सांगलीकर
नमस्कार मंडळी. यंदा मेकॅनिकलची बीई झाली, आता पुणे-चाकणकडे अर्ज टाकायला सुरुवात करायचीय. रेझ्युमे कॅन्वावर केलाय, फाइल जोडलीय (नाव, फोन, ईमेल झाकलंय). मजकुराचं नंतर बघू, आत्ता फक्त दिसायला कसा आहे ते सांगा.

ज्यांना फाइल उघडत नाही त्यांच्यासाठी: ए4 चं एक पान, डावीकडे गडद निळी पट्टी साधारण 7 सेंटीमीटर रुंद, तिच्यात वर गोल फोटो, खाली संपर्क, मग स्किल्स (प्रत्येकापुढे पाच ठिपके, ऑटोकॅडचे चार भरलेले, सॉलिडवर्क्सचे तीन असं), भाषा आणि छंद. पट्टीतली अक्षरं पांढरी. उजवीकडे ऑब्जेक्टिव्ह, शिक्षण, बेदाणा सुकवायच्या सोलर ड्रायरचा प्रोजेक्ट, कुपवाड एमआयडीसीतली इंटर्नशिप, सर्टिफिकेट्स. अक्षर कॅलिब्री साडेआठ, कारण त्याहून मोठं केलं की सर्टिफिकेट्स दुसऱ्या पानावर पळतात. मैत्रिणी म्हणतात भारी दिसतंय, भाऊ म्हणतो वाचवत नाही. नक्की बिघडलंय काय?

कोडेबाज
दोन कॉलम म्हणजे विषय संपला. एटीएस नावाचं सॉफ्टवेअर असतं कंपन्यांकडे, ते दोन कॉलम दिसले की रेझ्युमे थेट कचऱ्यात टाकतं, माणसापर्यंत जातच नाही. वर्डमध्ये साधा एक कॉलम कर, टाइम्स न्यू रोमन 12, झालं काम.

जुना_जुळारी
फाइल बघितली. सॉफ्टवेअरचं बाकीचे सांगतील, मी डीटीपीवाला माणूस, मला कागद कळतो तेवढंच बोलतो.

रुचा, तुझी निळी पट्टी छंदांनंतर संपते आणि तिच्याखाली जवळजवळ 9 सेंटीमीटर नुसता निळा रंग आहे. म्हणजे पानाची एक बाजू तळाला रिकामी पडलीय आणि दुसऱ्या बाजूला तू साडेआठचं अक्षर करून, ओळीला ओळ चिकटवून मजकूर कोंबतेयस. जागा कमी नाहीये गं, जागा चुकीच्या खोलीत अडकलीय. दोन कॉलमचा हाच त्रास आहे, दोन्ही बाजूंचा मजकूर सारख्या वेगाने भरत नाही. वर्तमानपत्रात बातमी एका कॉलममधून दुसऱ्यात वाहते म्हणून तिथे जमतं. तुझी पट्टी वेगळी आणि मुख्य मजकूर वेगळा, इकडचं उरलं ते तिकडे देता येत नाही. त्यातून फ्रेशरकडे पट्टीत भरायला असतं काय, मग छंद आणि भाषा येऊन बसतात.

आता माप बघ. ए4 ची रुंदी 21 सेंमी. त्यातली 7 पट्टीला गेली, उरली 14, दोन्हीकडून एकेक समास काढला की मजकुराला मिळाली 12. प्रोजेक्टचा प्रत्येक मुद्दा त्या 12 मध्ये तीन-तीन ओळी खातोय आणि तिसऱ्या ओळीत एखादा शब्द लटकतोय. पट्टी काढ, चारी बाजूंनी 2 सेंमी समास ठेव, मजकुराला 17 सेंमी मिळतात. मग तेच मुद्दे मोठ्या अक्षरातसुद्धा दोन ओळींत बसतील. अक्षर लहान हा तुझा मूळ आजार नाही, तो अरुंद कॉलममुळे झालाय.

रुचा_सांगलीकर
काका हे असं कुणीच सांगितलं नव्हतं. पण अक्षर मोठं करून एका पानात खरंच बसेल का? मला भीती वाटतेय.

जुना_जुळारी
भिऊ नको, मोजून बघ. ए4 ची उंची 29.7 सेंमी, वरखाली दोन-दोन गेले, उरले 25.7. हे पॉइंटमध्ये साधारण 728 होतात, कारण एका इंचात 72 पॉइंट. साडेदहाच्या कॅलिब्रीची ओळ थोडी मोकळी ठेवली तर जवळपास 14 पॉइंट उंची घेते. 728 भागिले 14, म्हणजे 52 ओळी. आता तुझा मजकूर मोज: नाव आणि संपर्क 3, शिक्षण 3, प्रोजेक्ट 6-7, इंटर्नशिप 5, स्किल्स 3, सर्टिफिकेट्स 4, आणि पाच मथळे त्यांच्या वरच्या-खालच्या जागेसकट 10-11 ओळींचे. 36 च्या आसपास झालं. वर पंधराएक ओळी उरतात! आणि ऑब्जेक्टिव्ह मी धरलंच नाहीये, ते काढून टाक. "चॅलेंजिंग पोझिशन" सगळ्यांनाच पाहिजे असते.

मी_मुलुंडकर
मस्त धागा. माझाही प्रश्न घेतो यातच, भाचीचा बायोडेटा बनवायचाय, वर गणपतीचं चित्र ठेवलं की कुलदैवत, गोत्र, रास हे सगळं एका पानात बसत नाही, फोटो उजवीकडे ठेवावा का वेगळ्या पानावर? समास किती ठेवावा?

हडपसरची_एचआर
@मी_मुलुंडकर दादा, हा नोकरीचा बायोडेटा आहे हो 😄

रुचा, मी एका कंपनीत भरतीचं काम बघते (नाव सांगत नाही), मला उलट दुसरंच सांगायचंय. @कोडेबाज यांनी लिहिलंय ते अर्धं बरोबर आहे. सॉफ्टवेअर असतं हे खरं, पण ते दोन कॉलम बघून कचऱ्यात टाकतं हे मी तरी बघितलेलं नाही. होतं असं की ते फाइलमधला मजकूर ओढून घेतं आणि त्याचे रकाने भरतं, नाव, कॉलेज, वर्ष, स्किल. दोन कॉलममध्ये कधी कधी डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ एकत्र वाचली जाते आणि कॉलेजच्या रकान्यात "हिंदी, इंग्रजी, ट्रेकिंग" येतं. आमच्याकडे कुणी ते दुरुस्त करत बसत नाही आणि मग सॉलिडवर्क्स म्हणून शोधलं की तो रेझ्युमे वर येत नाही. काही सॉफ्टवेअर नीट वाचतात, काही नाही, उमेदवाराला ते कळायला मार्ग नाही.

दुसरं म्हणजे मी निम्मे रेझ्युमे फोनवर बघते. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला असतो, मी कॅबमध्ये असते. 21 सेंमीचं पान फोनच्या सात-एक सेंमीमध्ये येतं म्हणजे सगळं एक तृतीयांश होतं. झूम करावंच लागतं. एक कॉलम असला की झूम करून सरळ खाली यायचं, दोन असले की इकडून तिकडे सरकवत बसायचं आणि मधेच कुठल्या बाजूला होतो ते हरवतं.

पिक्सेलपाटील
डिझायनर म्हणून जरा विरोध करतो, राग मानू नका. दोन कॉलम वाईट नसतात, वाईट दोन कॉलम वाईट असतात. 17 सेंमीच्या ओळीत साडेदहाचं कॅलिब्री टाकलं तर एका ओळीत नव्वद-पंच्याण्णव अक्षरं येतात, सलग मजकुरासाठी हे जास्त आहे, डोळा पुढच्या ओळीची सुरुवात शोधताना चुकतो. साठ ते पंच्याहत्तर बरं वाटतं. म्हणून मी अरुंद डावा कॉलम ठेवून उजवीकडे 12-13 सेंमीच ठेवतो. आणि तो निळा रंग काढला, पट्टी पांढरीच ठेवली, तर खालची रिकामी जागा अंगावर येत नाही, ती नुसता समास वाटते. रंग भरलाय म्हणून ती रिकामी खोली दिसतेय.

जुना_जुळारी
पाटील, रंगाचं पटलं. ओळीच्या लांबीचं पुस्तकाला शंभर टक्के लागू आहे, पण रेझ्युमेत सलग उतारा असतोच कुठे? दोन ओळींचा मुद्दा, मग पुढचा मुद्दा. दुसऱ्या ओळीनंतर डोळा आपोआप नव्या ठिपक्यावर येतो, चुकायला वावच नाही. फार वाटलं तर समास अडीच कर, ओळ 16 ची होईल.

समासाचं निघालंय म्हणून सांगतो, वर्डमध्ये तो "नॅरो" नावाचा तयार समास असतो ना 1.27 चा, तो घेऊ नका कुणी. आपल्याकडे अजूनही कितीतरी ऑफिसात प्रिंट काढून डावीकडे दोन भोकं पाडून फाइलला लावतात, पंच तुमच्या पहिल्या अक्षरांना चाटून जातो.

कोडेबाज
@हडपसरची_एचआर ओके, कचऱ्यात टाकतं हे जरा जास्त झालं असेल. पण मग रुचाला घरबसल्या तपासता येईल असं सांगतो. पीडीएफ उघड, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, आणि नोटपॅडमध्ये पेस्ट कर. जे दिसेल ते आणि त्याच क्रमाने साधारण सॉफ्टवेअरला दिसतं. लिनक्स असेल तर:

```
pdftotext resume.pdf out.txt
pdffonts resume.pdf
```

पहिल्याने मजकूर बाहेर येतो, दुसऱ्याने फॉन्टची यादी. यादी रिकामी आली तर समजायचं की अक्षरं नाहीतच, सगळं पान म्हणजे एक फोटो आहे. काही जण जेपीजी डाउनलोड करून त्याचंच पीडीएफ बनवतात, त्यांचं असं होतं.

रुचा_सांगलीकर
केलं आत्ता. बापरे. सगळ्यात वर "HOBBIES" आलं, मग फोटोखालचा फोन नंबर, मग एकदम इंटर्नशिपच्या मधल्या ओळी. आणि स्किल्सचे ठिपके आलेच नाहीत, नुसतं ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, अँसिस. म्हणजे क्रम असा का येतो? दिसताना तर वरून खाली बरोबर दिसतंय.

कोडेबाज
कॅन्वासारख्या ठिकाणी प्रत्येक मजकुराचा वेगळा डबा असतो. फाइलमध्ये ते डबे थरांच्या क्रमाने जातात, कागदावर कुठे ठेवलेत त्या क्रमाने नाही. तू एखादा डबा कॉपी-पेस्ट करून इकडेतिकडे हलवला असशील, तो यादीत शेवटी जातो. वर्डमध्ये टेक्स्टबॉक्स वापरले तरी हीच गत. सरळ परिच्छेद लिहीत गेलीस तर लिहिल्या क्रमानेच येतं.

अत्तरवाली
माझं वेगळंच झालेलं, नोटपॅडमध्ये क्रम बरोबर पण सर्टिफिकेशन या शब्दातले टी आणि आय गायब! जिथे जिथे ते दोन एकत्र, तिथे चौकोन. कुणाला कारण माहितीय?

जुना_जुळारी
फॉन्टमधली जोडअक्षरं ती. काही फॉन्टमध्ये टी-आय, एफ-आय यांचं मिळून एकच चित्र असतं, दिसायला छान, पण पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने त्या चित्रामागची अक्षरं नीट नोंदली नाहीत की कॉपी करताना चौकोन येतो. तिकडे लिगेचर बंद करून किंवा फॉन्ट बदलून बघ.

विदर्भातला_विन्या
माझा अनुभव सांगतो, मला चौदा वर्षांचा अनुभव आहे, माझा रेझ्युमे चार पानी आहे आणि त्यात मी प्रत्येक प्रोजेक्टला चौकटीचा टेबल केलाय, सगळ्या चौकटींना काळ्या रेघा. कन्सल्टंट म्हणाला दोन पानं कर. कसं करू? रेघा काढल्या तर सगळं विस्कळीत दिसतं.

पिक्सेलपाटील
@विन्या भाऊ तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, चौदा वर्षं इथे मावणार नाहीत 😀 पण रेघांचं सांगतो कारण रुचालाही लागू आहे. रेघा काढल्यावर विस्कळीत दिसतं याचा अर्थ मोकळ्या जागेने जे काम करायचं ते आजपर्यंत रेघ करत होती. कुठली गोष्ट कुणाची हे डोळ्याला जवळ-लांब यावरून कळतं. रुचाच्या पानात बघा, "प्रोजेक्ट" या मथळ्याच्या वर जेवढी जागा आहे तेवढीच खाली आहे. त्यामुळे मथळा वरच्या शिक्षणाचा का खालच्या प्रोजेक्टचा, हे वाचूनच कळतं, बघून कळत नाही. मथळ्याच्या वर 12 पॉइंट आणि खाली 3 किंवा 4 ठेवलं की तो आपोआप खालच्या मजकुराला चिकटतो. मग रेघही नको, रंगीत पट्टाही नको. मुद्द्यामुद्द्यात 2 पॉइंट, एक प्रोजेक्ट संपून दुसरा सुरू होताना 6. बस, हे चार आकडे सगळ्या पानभर तेच ठेवायचे.

आणि ते एंटर मारून करायचं नाही हं! एंटर मारला की पूर्ण ओळ जाते, 14 पॉइंट, कमी-जास्त करताच येत नाही. वर्डमध्ये मथळ्यावर उभं राहून परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये Before आणि After असे दोन रकाने असतात तिथे आकडे टाकायचे. मथळ्याची एकदा स्टाइल बनवली तर सगळीकडे एका झटक्यात बदलतं, शेवटी पान भरायला जागा कमी-जास्त करायची असते तेव्हा फार उपयोग होतो.

रुचा_सांगलीकर
दादा मी सगळीकडे एंटरच मारलेत 🙈 आणि तारखा उजवीकडे न्यायला स्पेसबार.

पिक्सेलपाटील
म्हणूनच तारखा एकाखाली एक येत नाहीयेत, "जून 2024" थोडं आत आणि "डिसेंबर 2024" थोडं बाहेर. प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, स्पेस मोजून कधीच जुळत नाही. उजवा टॅब लाव. समास 2 असेल तर मजकुराची रुंदी 17, म्हणून 17 सेंमीवर Right टॅब. मग प्रोजेक्टचं नाव लिहून एकदा टॅब दाबला की तारीख उजव्या कडेला जाऊन चिकटते. आणि एकच ओळ असल्यामुळे नोटपॅडमध्येही नावापुढेच तारीख येते.

श्वार्झवाल्डची_शमा
मी जर्मनीत असते, इकडे तर रेझ्युमे सरळ दोन भागांतच लिहितात, डावीकडे तारखा, उजवीकडे काय केलं ते. फोटोही बरेच जण लावतात. मग इकडचे सगळे चूक का? मला वाटतं दोन कॉलमला उगाच बदनाम करताय.

जुना_जुळारी
शमाताई, तुम्ही म्हणता ती मांडणी सुंदर असते, पण तिची जात वेगळी. तिथे प्रत्येक तारीख तिच्या समोरच्या मजकुराशी बांधलेली असते, डावं-उजवं मिळून एकच ओळ. एक बाजू लवकर संपली असं होतच नाही, आणि डावीकडची रिकामी जागा समासासारखी काम करते, मथळे चटकन सापडतात. रुचाचे दोन कॉलम म्हणजे एका पानावरची दोन स्वतंत्र पानं. तुमच्या पद्धतीत एकच खर्च, तारखांना तीन-साडेतीन सेंमी द्यावे लागतात. मला तर चालेल रुचाने तसं केलं तरी.

हडपसरची_एचआर
मला नाही चालणार 😅 फोनवर झूम केलं की तारखांचा कॉलम बाहेर जातो. उजवीकडे तारीख असली तर ती गेली तरी हरकत नाही, आधी काय केलं ते वाचायचं असतं. पण ही माझी आवड आहे, नियम नाही.

आणि फोटो काढ गं. मेकॅनिकलच्या जागेला फोटोची मला तरी कधी गरज पडली नाही, तो आणि त्याच्या आजूबाजूचं मिळून वरचे 5 सेंमी जातात, आणि पानाचा वरचा भागच सगळ्यात आधी दिसतो.

कोडेबाज
फॉन्टचं राहिलं. मी टाइम्स 12 म्हणालो होतो, तेच करा. 12 म्हणजे 12, सगळ्यांना वाचता येतं.

जुना_जुळारी
12 म्हणजे 12 नसतं हो, तिथेच तर गंमत आहे. तो आकडा अख्ख्या अक्षराच्या चौकटीचा, आणि आपण वाचतो ती इंग्रजीतली छोटी अक्षरं, ए, ई, ओ, एन. ती त्या चौकटीत किती उंच काढलीत हे ज्याने फॉन्ट बनवला त्याच्या हातात. एरियल 10 आणि कॅलिब्री 11 शेजारी ठेवून बघा, छोट्या अक्षरांची उंची जवळजवळ सारखी. व्हर्डाना तर 10 लाच ऐसपैस. उलट गॅरामंड 11 ला बारीक वाटतं, ते 12 ला घ्यावं लागतं. टाइम्सची छोटी अक्षरं कॅलिब्रीहूनही किंचित ठेंगणी, पण तिचा आकारही अरुंद म्हणून ओळीत जास्त मजकूर बसतो, ते वाईट नाहीच, फक्त 12 ला पान भरत चाललं तर 11 ला घाबरायचं कारण नाही.

रुचासाठी माझं माप असं: कॅलिब्रीच ठेवायची तर मजकूर 10.5 किंवा 11, मथळे 12.5 ठळक, नाव 20. संपर्काची ओळ 10. त्याच्याखाली कशालाच जायचं नाही. आत्ता तिच्या पानात मी साडेआठ, नऊ, साडेनऊ, अकरा, तेरा, सोळा आणि अठ्ठावीस एवढी मापं मोजली, डोळ्याला कळतच नाही की काय जास्त महत्त्वाचं. चारच्या वर मापं नकोत.

रुचा_सांगलीकर
पण काका स्क्रीनवर मला साडेआठ पण नीट दिसतं, लॅपटॉपवर.

जुना_जुळारी
तू 130-140 टक्क्यांवर बघत असशील. प्रिंट काढ, आणि प्रिंटच्या खिडकीत Fit न ठेवता Actual size ठेव, नाहीतर प्रिंटर स्वतःच पान थोडं लहान करतो आणि तुझं साडेआठ आठवर येतं. साध्या काळ्या-पांढऱ्या लेझरवर काढ, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे. मुलाखत घेणाऱ्यांच्या हातात तसलाच कागद पडायची शक्यता जास्त.

आणि त्यात दोन गोष्टी बघ. एक, तुझी निळी पट्टी काळपट करडी होईल आणि तिच्यातली बारीक पांढरी अक्षरं टोनर पसरून बुजल्यासारखी होतील. दुसरं, तू कॉलेजचं नाव आणि तारखा फिकट करड्या रंगात टाकल्यायत, डिझाइनवाल्यांची आवड. काळ्या प्रिंटरकडे करडी शाई नसते, तो करडा रंग काळ्या ठिपक्यांच्या जाळीने दाखवतो. मोठ्या अक्षराला चालतं, साडेआठच्या अक्षराची दांडीच इतकी बारीक की त्या जाळीत तुटक दिसते. भिंगाने बघ हवं तर. करडं पाहिजेच असेल तर अगदी गडद घे, नाहीतर सरळ काळं आणि वेगळेपणा इटालिकने दाखव.

पिक्सेलपाटील
+१ करड्याबद्दल, मी स्वतः हे आवडीने करतो पण स्क्रीनसाठीच. अजून एक, तुझा मजकूर दोन्ही कडांना सरळ केलेला आहे. 12 सेंमीत इंग्रजीतले लांब शब्द आले की मधे मोठी भगदाडं पडतात, बघ इंटर्नशिपच्या दुसऱ्या मुद्द्यात चारच शब्द आहेत आणि त्यांच्यामध्ये ट्रक जाईल एवढी जागा. डावीकडून सरळ ठेव, उजवी कड वेडीवाकडी राहू दे. मोकळी जागा शब्दांमध्ये सांडलेली नको, ती विभागांच्या मध्ये पाहिजे.

रुचा_सांगलीकर
दोन दिवसांनी आले, नवीन फाइल जोडलीय. वर्डमध्ये पहिल्यापासून केलं. एक कॉलम, समास 2, कॅलिब्री 10.5, मथळे 12.5, नाव 20. वर नाव, त्याखाली एका ओळीत फोन, ईमेल, लिंक्डइन, गाव. मग शिक्षण, प्रोजेक्ट, इंटर्नशिप, स्किल्स, सर्टिफिकेट्स. ठिपके काढले, त्याऐवजी "सॉलिडवर्क्स: ड्रायरचे ट्रे आणि फ्रेमचं मॉडेल" असं कशासाठी वापरलं ते लिहिलं. छंद काढले. भाषा स्किल्समध्येच एका ओळीत. ड्रायरच्या प्रोजेक्टचे मुद्दे खरंच दोन-दोन ओळींत आले! नोटपॅडमध्ये पण वरून खाली बरोबर येतंय.

पण आता खाली पाच-सहा सेंमी रिकामं राहतंय. अर्धवट वाटतं. छंद परत टाकू का?

कोडेबाज
टाक की, भरलेलं पान बरं दिसतं.

हडपसरची_एचआर
नको. फ्रेशरच्या पानाच्या तळाशी जागा राहिली तर मला काहीच वाटत नाही, उलट "वाचन, संगीत, प्रवास" वाचून काय करू मी. भरायचंच असेल तर ड्रायरबद्दल लिही, किती किलो द्राक्षं एका वेळी, उघड्यावर किती दिवस लागायचे आणि ड्रायरमध्ये किती. तू मोजलं असशीलच.

रुचा_सांगलीकर
हो मोजलंय, रिपोर्टमध्ये तक्ता आहे. ते टाकते.

जुना_जुळारी
आणि तरी जागा उरली तर सगळी तळाला साठू देऊ नकोस. अक्षर 11 कर, मथळ्याच्या वरचे 12 चे 16 कर. पाच मथळे, प्रत्येकी 4 म्हणजे 20 पॉइंट तिथे गेले, बाकी अक्षराने खाल्ले. तळाला दोन-तीन सेंमी समासाहून जास्त राहिलं तर राहू दे, पान तोलात दिसतं. फक्त ओळींमधलं अंतर दीडपट करून पान भरू नकोस, ते कॉलेजच्या असाइनमेंटसारखं दिसतं आणि मुद्दे एकमेकांपासून सुटतात.

पिक्सेलपाटील
नवीन फाइल बघितली, खूप बरी आहे. मथळ्यांखाली बारीक रेघ दिलीयस ती मला आवडली, काकांना नसेल आवडली. अर्धा पॉइंट आहे तीच ठेव, जाड करू नको. एक बारीक गोष्ट, संपर्काची ओळ शेवटी येऊन तुटतेय, गाव काढलंस तर बसेल, किंवा गाव ठेवून लिंक्डइनचा पत्ता छोटा कर.

जुना_जुळारी
रेघ चालेल. पण रेघ असेल तर मथळा आणि रेघ यांच्यात अंतर कमी, रेघ आणि मजकुरात जरा जास्त ठेव, आत्ता मजकूर रेघेवर टांगल्यासारखा वाटतोय.

रुचा_सांगलीकर
करते. अजून एक अडचण आहे, कॉलेजच्या प्लेसमेंट सेलकडे त्यांचाच वर्ड फॉरमॅट आहे, त्यात वर कॉलेजचा लोगो, दहावी-बारावी-सेमिस्टरनुसार टक्क्यांचा चौकटीवाला टेबल, वडिलांचं नाव, जन्मतारीख, खाली डिक्लेरेशन आणि सही. बदलायची परवानगी नाही म्हणाले. तिथे काय करू?

हडपसरची_एचआर
तिथे तोच दे, कॅम्पसला सगळ्यांचे एकसारखे असतात आणि आम्हाला टक्के एका जागी सापडतात, आम्हीही त्याच सवयीने बघतो. बाहेर अर्ज करताना तुझा.

जुना_जुळारी
फॉरमॅट तोच ठेवूनही टेबल जरा सुधारता येतं. टेबलच्या प्रॉपर्टीत जाऊन चौकटीच्या आतला वरचा-खालचा समास शून्य असतो तो 0.1 सेंमी कर, अक्षरं रेघेला चिकटलेली सुटतात. आकडे उजवीकडून एका रेषेत घे आणि दशांशानंतर सगळीकडे दोनच अंक, 78.4 आणि 81.25 असं मिसळून नको. याला कुणी फॉरमॅट बदलला म्हणणार नाही.

अत्तरवाली
आमच्याकडे म्हटलं होतं, टेबल हलवलं म्हणून परत पाठवलं 😐 रुचा, आधी विचारून घे.

मी_मुलुंडकर
बरं ते 12 वर आणि 4 खाली बायोडेटाला पण केलं, एका पानात बसला! गणपती जरा लहान केला. फोटो मात्र वेगळ्या पानावरच टाकला.

विदर्भातला_विन्या
नवीन धागा काढलाय, चार पानांचा. पाटील, काका, तिकडे या.